लांब केस आणि सकाळचा गुंता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत माझं पार्लर आहे. कमरेपर्यंत केस असलेल्या बायका-मुली माझ्याकडे येतात त्या बहुतेक वेळा केस गळतात म्हणून. थोडी विचारपूस केली की कळतं, केस गळत नाहीत, तुटतायत. आणि तुटतात ते सकाळी, फणी मानेपाशी अडते आणि ऑफिसची नाहीतर शाळेची घाई असते तेव्हा. गुंता मात्र रात्रीच झालेला असतो, म्हणून इलाजही रात्रीचाच. त्याबद्दल जे पुन्हा पुन्हा विचारलं जातं ते इथे सविस्तर लिहिलं आहे.

रात्री नीट विंचरून झोपते, तरी सकाळी एवढा गुंता कसा होतो?

केसाच्या बाहेरच्या थरावर अगदी बारीक खवले असतात. छपरावर कौलं एकावर एक चढवलेली असतात तसे ते बसलेले असतात आणि सगळ्यांची उघडी कड शेंड्याकडे असते. त्यामुळे मुळाकडून शेंड्याकडे बोट फिरवलं की केस गुळगुळीत लागतो, उलट फिरवलं की खरखरीत. फणीतल्या गुंतवळातला एक केस चिमटीत धरून दोन्ही दिशांनी ओढून पाहा. एका बाजूने तो सहज निघतो, दुसऱ्या बाजूने अडखळतो.

विंचरलेल्या केसांचे सगळे शेंडे खाली असतात, म्हणजे सगळे खवले एकाच दिशेला. झोपेत आपण कूस बदलतो, उशीवरून खाली घसरतो, पुन्हा वर सरकतो. केस मोकळे असतील तर त्यातले काही खांद्याखाली दाबले जातात, काही वर ओढले जातात, काहींचे शेंडे उलटे फिरून मानेकडे येतात. मग शेजारशेजारच्या केसांचे खवले एकमेकांच्या विरुद्ध होतात आणि एकमेकांना धरून ठेवतात.

यात भर पडते ती गळलेल्या केसांची. दिवसाला साधारण ५० ते १०० केस गळणं हे नेहमीचंच आहे. आखूड केसांतून ते पडून जातात. लांब केसांत मात्र ते आतच अडकून राहतात. असा सुटा केस घासला गेला की खवल्यांमुळे एकाच दिशेने, मुळाचं टोक पुढे करून सरकत राहतो आणि वाटेतल्या केसांना वेढे घालतो. सकाळची एखादी लहान गाठ न ओढता बोटांनी उकलून पाहा, तिच्या पोटात बहुधा असा सुटलेला केसच सापडेल. म्हणून झोपण्याआधी विंचरायचं ते केस चापूनचोपून बसवायला नव्हे, दिवसभराचं गुंतवळ बाहेर काढायला.

गुंता कशामुळे झाला हे त्याच्याकडे बघून कळतं का?

कळतं, आणि मी सगळ्यांना आधी हेच करायला सांगते. सकाळी उठल्यावर फणी लावू नका. बोटं केसांत घालून गुंता नेमका कुठे आहे ते चाचपा. तीन-चार दिवस तो एकाच जागी सापडला तर कारण जवळपास हातात आलं.

मानेच्या खळीत, अगदी मुळाशी, नमद्यासारखी जाड गुठळी होत असेल तर तिथे घाम आणि घर्षण दोन्ही चाललंय. गाऊनची कॉलर, मानेवरचं लेबल, आणि आपल्याकडे विशेषतः मंगळसूत्र. काळ्या मण्यांच्या बारीक तारा आणि मागची कडी यांत मानेवरचे बारीक केस रोज रात्री अडकतात. मंगळसूत्र काढायचं नसेल तर झोपताना त्याची कडी पुढे गळ्यावर घ्या, एवढ्याने बऱ्याच जणींचा मानेवरचा गुंता कमी होतो.

एकाच कानामागे गुंता असेल तर तुम्ही रात्रभर त्याच कुशीवर झोपता. तिथे उशीचं कापड आणि कानातलं या दोन गोष्टी तपासा.

खांद्याच्या खाली, पाठीच्या मध्यापर्यंत गुंता पसरलेला असेल तर केस रात्री मोकळे होते किंवा वेणी सुटली. याला उशी जबाबदार नाही.

आणि फक्त शेवटच्या चार-पाच इंचांत बारीक बारीक गाठी असतील तर तो झोपेपेक्षा शेंड्यांचा प्रश्न आहे. केस महिन्याला सेंटिमीटरभर किंवा थोडा जास्त वाढतो. म्हणजे ७५ सेंटिमीटर लांब केसांचे शेंडे पाच-सहा वर्षांचे जुने असतात. इतकी वर्षं ऊन, साबण आणि फणी सोसून तिथले खवले झिजलेले, उचकटलेले असतात. शेंडे दुभंगले असतील तर वेणी आणि अभ्रा यांनी त्रास कमी होतो, पण संपत नाही. तेवढं टोक कापावंच लागतं.

रेशमी किंवा सॅटिनचा अभ्रा घेतला की काम होईल ना?

एकट्या अभ्र्याने लांब केसांचं काम होत नाही. हे स्पष्ट सांगते, कारण महागडा अभ्रा घेऊन नाराज झालेल्या बायका मी पाहते.

आडवं झाल्यावर आपले किती केस उशीवर असतात ते बघा. डोक्याचा मागचा भाग, कानामागची बाजू, मान, एवढेच. केस कमरेपर्यंत असतील तर त्यांचा बाकीचा मोठा भाग उशीच्या खाली चादरीवर, पाठीखाली, नाहीतर पांघरुणात असतो. आपल्याकडची चादर बऱ्याचदा सोलापुरी, जाड सुताची, वरून वाकळ किंवा ब्लँकेट. तिथे जे घासतं त्याला उशीचा गुळगुळीतपणा काय करणार?

म्हणून कामाची वाटणी अशी समजा. मानेच्या वरच्या केसांना अभ्रा सांभाळतो, मानेच्या खालच्या केसांना वेणी. खांद्यापर्यंत केस असतील तर अभ्र्याचा फायदा मोठा. कमरेपर्यंत असतील तर आधी वेणी, मग अभ्रा. खर्च करायचाच नसेल तर फक्त वेणीपासून सुरुवात करा, त्यात पैसा लागत नाही.

मग उशीला कापड कोणतं चांगलं? सुती तर सगळ्यात चांगलं असं ऐकलं होतं.

घामासाठी सुती चांगलं, केसांसाठी ते कोणत्या प्रकारचं आहे यावर अवलंबून. कापसाचा तंतू आखूड असतो. असे असंख्य आखूड तंतू पिळून सूत होतं, त्यामुळे सुताच्या अंगावर सगळीकडे बारीक टोकं बाहेर आलेली असतात. उजेडात अभ्रा आडवा धरला की ही लव दिसते. वापरून वापरून त्यावर बारीक गोळे आले असतील तर असा अभ्रा केसांसाठी वाईटच. तो पुसणीला लावा.

रेशमाचा धागा लांबच लांब, अखंड असतो. त्यावर अशी टोकं जवळपास नसतात आणि तो घामही बऱ्यापैकी शोषतो. म्हणून केसांना तो सगळ्यात सोयीचा.

सॅटिन हे मात्र धाग्याचं नव्हे, विणीचं नाव आहे. या विणीत एक धागा चार किंवा जास्त धाग्यांवरून सलग जातो, म्हणून वरची बाजू गुळगुळीत आणि चमकदार होते. सॅटिन रेशमाचं असू शकतं, सुती असू शकतं, पण दुकानात स्वस्तात मिळतं ते बहुधा पॉलिएस्टरचं. त्यावर केस छान सरकतात, पण ते पाणी जवळपास शोषतच नाही. सांगलीच्या एप्रिल-मे महिन्यात, रात्री पंखासुद्धा गरम हवा फेकतो तेव्हा, पॉलिएस्टरच्या अभ्र्यावर मान घामाने ओली होते आणि त्या ओल्या मानेवरचा गुंता सुतीपेक्षा घट्ट बसतो. म्हणून मी उन्हाळ्यात धुऊन धुऊन मऊ झालेलं पातळ सुती किंवा सॅटिन विणीचं सुती वापरायला सांगते, आणि पॉलिएस्टर सॅटिन पावसाळा-हिवाळ्यासाठी ठेवायला.

घरात जुनी रेशमी साडी असेल तर तिच्यासारखं कापड नाही. पण साडी खरंच रेशमी आहे का ते आधी बघा. कडेचे दोन-चार धागे काढून चिमट्यात धरून जाळा. केस जळाल्यासारखा वास आला आणि राख बोटांनी चुरली तर रेशीम. धागा वितळून कडक मणी झाला तर तो कृत्रिम. रेशीम आणि केस दोन्ही प्रथिनांचेच बनलेले असतात, म्हणून वास तसा येतो. जरीचा भाग कुठेही घेऊ नका. काठ आणि पदर सोडून अंगाचाच भाग वापरा, कारण जरीची तार केसांना सुतापेक्षा जास्त खरवडते.

अभ्रा घरी शिवायचा तर कापड किती लागेल?

१७ बाय २७ इंचाच्या नेहमीच्या उशीला ४४ इंच पन्ह्याचं एक मीटर कापड पुरतं. तोंडाला चेन किंवा बटण लावू नका, केस त्यातच अडकतात. आत दुमडायची सहा इंचांची पट्टी ठेवा. चमकदार बाजू बाहेर. सॅटिन शिवताना सरकतं, त्यामुळे टाचण्या जवळजवळ लावा. आठवड्याला धुवा, रेशीम असेल तर सौम्य साबणाने आणि सावलीत वाळवा.

सैल वेणी म्हणजे नेमकी किती सैल?

घट्ट वेणी मुळं ओढते. रोज रात्री तेच झालं तर कपाळाच्या आणि कानशिलाच्या कडेचे केस विरळ होऊ लागतात. अति सैल वेणीत पेडांमधून केसांचे फासे बाहेर येतात, ते चादरीत अडकतात आणि सकाळी वेणीच्या आतच गुंता मिळतो. बहुतेक जणींची चूक दुसऱ्या प्रकारची असते. ‘सैल’ म्हटलं की त्या वेणी नुसती गुंडाळतात.

मी शिकवते ती पद्धत अशी. आधी केस पुढे घ्या आणि शेवटच्या चार इंचांपासून विंचरायला सुरुवात करा. ते मोकळे झाले की चार इंच वर, मग आणखी वर. जाड दातांची फणी घ्या. वरून खाली ओढत आलात तर सगळ्या लहान गाठी शेंड्याशी गोळा होऊन एक मोठी गाठ होते. अडलं तर गाठीच्या वर केस मुठीत धरा आणि मगच खाली सोडवा, म्हणजे मुळाला हिसका बसत नाही.

मग वेणी मानेच्या उंचीवर, कानाच्या पाळीच्या रेषेत सुरू करा. डोक्याच्या वरच्या भागावरून सुरू केली की तिचा उंचवटा डोक्याखाली टोचतो आणि झोपेत आपण ती नकळत उपटतो. तीन पेड सारखे घ्या. पहिले दोन वेढे नीट बसवा, पण करंगळी आत सहज गेली पाहिजे. तिथून खाली हात सैल सोडा, प्रत्येक वेढा बोटाने किंचित रुंद करा. वेणी शेवटपर्यंत न्या आणि खाली दोन इंचांचाच शेंडा ठेवा. खूप लांब शेंडा मोकळा सोडला तर सगळ्यात जुना, सगळ्यात नाजूक भागच उघडा राहतो. बांधायला कापड गुंडाळलेलं रबर, सुती नाडी किंवा जुन्या मऊ साडीची चिंधी. साधं उघडं रबर नको, सकाळी काढताना ते चार केस घेऊनच निघतं.

नीट जमली का, हे पाहायचं असेल तर मान डावी-उजवीकडे आणि खाली वळवा. कुठेही ओढ जाणवली तर ती घट्ट आहे. आणि सकाळी बघा, वेणीचे पेड ओळखू येत असले पाहिजेत. अर्धी उकललेली दिसली तर ती फार सैल होती.

एक वेणी घालावी की दोन? आणि ती ठेवायची कुठे?

केस पातळ असतील आणि तुम्ही कुशीवर झोपत असाल तर मागे एक पुरते. केस दाट असतील किंवा उताणं झोपायची सवय असेल तर दोन घाला, कारण मागची एक जाड वेणी मानेखाली येते आणि डोकं रात्रभर तिच्यावर घासतं. दोन वेण्यांनी मान मोकळी राहते.

वेणी कुठे ठेवता हे तितकंच महत्त्वाचं. पाठीखाली राहिली की कूस बदलताना खांद्याखाली अडकून मुळापासून ओढली जाते. आडवं होताना ती उशीवरून वर, डोक्याच्या मागे टाका. दोन असतील तर छातीवर पुढे घेतल्या तरी चालतात. झोपेत ती जागची हलेल, पण पहिले काही तास जरी ती मोकळी राहिली तरी फरक पडतो.

आंबाडा किंवा क्लचर लावून झोपलं तर?

क्लचर अजिबात नको. त्याचे दात केसांना एकाच जागी दाबतात आणि रोज तिथेच केस तुटतो. घट्ट आंबाडाही नको. केस कुरळे असतील तर डोक्याच्या अगदी वर, कपाळाच्या बाजूला सैल झुबका बांधून झोपणं मात्र चांगलं. कुरळे केस कोरडे असताना रात्री फणीने विंचरायचीही गरज नाही, बोटांनी सुटे केस काढले की बास.

दिवसभर वेळ मिळत नाही, न्हाणं रात्रीच होतं. ओल्या केसांनी झोपले तर?

हीच सवय माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान करते, उशीच्या कापडापेक्षाही जास्त. केस पाणी पितो आणि फुगतो. फुगल्यावर खवले उचलले जातात, एकमेकांना जास्त धरतात. शिवाय ओला केस कोरड्यापेक्षा कमकुवत असतो आणि ओढला की ताणला जातो. असे ताणलेले केस उशीवर रात्रभर दाबून ठेवले की गुंता तसाच वाळतो आणि सकाळी तो दोरासारखा कडक लागतो.

ओल्या केसांची वेणी घालणं हा त्यावरचा उपाय नव्हे. दाट वेणीच्या आतला भाग सकाळपर्यंत वाळत नाही. पावसाळ्यात पाटण, महाबळेश्वर बाजूच्या मुली सांगतात की दुसऱ्या दिवशीही आत दमट लागतं आणि वास येतो.

रात्रीच न्हायचं असेल तर झोपेच्या किमान तीन तास आधी न्हा. केस टॉवेलने खसाखसा पुसू नका. जुन्या सुती पंचात गुंडाळून दाबून पाणी टिपा, पंधरा मिनिटांनी पंचा काढा आणि बोटांनी केस पसरून पंख्याखाली बसा. मानेपाशी हात घालून बघा, कारण वरून वाळलेले वाटले तरी तिथे ओल राहते. तिथे गारवा लागेना तेव्हाच वेणी. फारच उशीर झाला असेल तर त्या दिवशी केस धुऊ नका, अंगच धुवा.

हे सगळं प्रत्यक्षात कसं करायचं? एखादं उदाहरण सांगाल?

माझी भाची कराडला होस्टेलवर राहून शिकते. केस कमरेच्या खाली, दाट, सरळ. ‘मावशी, केस मूठमूठ गळतायत, कापूनच टाकते’ असं म्हणत ती सुट्टीला आली. मी तिला केस कापू दिले नाहीत. म्हटलं, दोन दिवस फणीतलं आणि उशीवरचं सगळं गुंतवळ एका कागदावर जमा कर.

ते आम्ही पांढऱ्या कागदावर पसरून पाहिलं. मुळापासून गळलेल्या केसाच्या एका टोकाला बारीक पांढरा दाणा असतो आणि केस पूर्ण लांबीचा असतो. तुटलेला केस आखूड असतो, दोन्ही टोकं सारखी. तिच्या कागदावर लांब, दाण्याचे केस होते, पण त्यांच्यापेक्षा तीन-चार इंचांचे तुकडेच जास्त होते. म्हणजे मुळं ठीक होती, केस मधूनच तुटत होते.

मग सकाळी गुंता चाचपला. एक गुठळी मानेच्या खळीत, दुसरी डाव्या कानामागे. विचारल्यावर कळलं की होस्टेलवर सकाळी पाण्यासाठी रांग असते म्हणून ती रात्री दहाला न्हाते, ओले केस क्लचरने वर बांधते आणि डाव्या कुशीवर झोपते. उशीचा अभ्रा गोळे आलेला, जाड सुती. चारही गोष्टी एकाच जागी येऊन मिळत होत्या.

आम्ही एकेक बदललं, एकदम नाही, म्हणजे कशाने काय झालं ते कळावं. आधी न्हाण्याची वेळ संध्याकाळी कॉलेजमधून आल्यावर आणली आणि क्लचर बंद केला. आठवडाभरात मानेवरची गुठळी लहान झाली, पण खांद्याखाली नवीन गुंता दिसू लागला, कारण आता ती केस मोकळे सोडून झोपत होती. मग दोन सैल वेण्या. खालचा गुंता जवळपास गेला. कानामागचा तरी राहिलाच. तेव्हा तिच्या आईच्या जुन्या सॅटिनच्या परकरातून अभ्रा शिवला आणि झोपताना रिंगा काढून ठेवायला सांगितलं. त्यानंतर तो भागही सुटा राहू लागला.

शेवटच्या चार इंचांतल्या गाठी मात्र कशानेच हटल्या नाहीत. ते शेंडे दुभंगलेले होते. दोन इंच मी कापले, आणि लांबी तिला हवी तेवढी राहिली. काही आठवड्यांनी पुन्हा कागदावर गुंतवळ पाहिलं. दाण्याचे लांब केस पूर्वीइतकेच होते, ते गळायचेच. आखूड तुकडे थोडेच उरले होते.

रात्री तेल लावून झोपल्याने गुंता कमी होतो का?

थोडं तेल लावलं तर होतो, फार लावलं तर वाढतो. खोबरेल केसाच्या आतपर्यंत जातं, म्हणून जुन्या शेंड्यांना ते चांगलं. कमरेपर्यंतच्या केसांना अर्धा चमचा पुरे, तळहातावर पसरून फक्त खालच्या तिसऱ्या भागाला लावा, मग वेणी. डोकं भरून तेल लावून झोपलात तर अभ्रा तेलकट होतो, त्यावर धूळ बसते आणि केस चिकटून त्यांच्या बटा होतात. चंपी करायचीच असेल तर न्हाण्याच्या आधी दोन तास करा. साताऱ्याच्या थंडीत खोबरेल गोठतं, ते कढत न करता बाटली गरम पाण्यात ठेवून पातळ करा.

केसांना लेअर कट आहे, वेणीतून बटा निसटतात. काय करावं?

वरच्या आखूड बटा वेणीत कोंबू नका. त्या मोकळ्याच राहू द्या, त्यांची काळजी अभ्रा घेतो. खालच्या लांब केसांचीच वेणी घाला आणि ती थोडी खालून सुरू करा.

थंडीत केस उभे राहतात आणि उशीला चिकटतात.

कोरड्या हवेत कृत्रिम कापड आणि प्लास्टिकची फणी घासली की वीज साठते. डिसेंबर-जानेवारीत लाकडी फणी वापरा, पॉलिएस्टरच्या अभ्र्याऐवजी सुती किंवा रेशमी घ्या, आणि वेणीआधी ओलसर तळहात केसांवरून एकदा फिरवा.

बाळंतपणानंतर गुंता फारच वाढला आहे. हे झोपेमुळेच का?

नाही. बाळंतपणानंतर साधारण दोन-चार महिन्यांनी केस भराभर गळतात. तेव्हा वेणीच्या आत सुटे केस कितीतरी जास्त असतात आणि गुंत्याला तेच कारण होतात. शिवाय रात्री उठणं, बाळाला घेऊन अवघडून झोपणं, चार दिवस फणी न लागणं हे असतंच. या काळात दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं बोटांनी सुटे केस काढायला घरातल्या कोणालातरी सांगा. सासूबाई, आई, नवरा, कोणीही हे करू शकतं. गळणं बहुतेकींचं काही महिन्यांत आपोआप कमी होतं. वर्ष उलटलं तरी थांबलं नाही, किंवा टाळूवर चट्टे दिसले, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

गाठ फार घट्ट झाली आहे. कापावीच लागेल का?

लगेच नाही. आणि डोक्यावर पाणी तर मुळीच ओतू नका. गाठ पाण्याने आणि शाम्पूच्या चोळण्याने आणखी आवळते. कोरड्या गाठीलाच भरपूर कंडिशनर किंवा खोबरेल लावा आणि अर्धा तास राहू द्या. मग गाठीच्या वरचे केस एका हाताने घट्ट धरून, बाहेरच्या कडेवरून बोटांनी एकेक केस बाजूला काढा. मध्यभागी फणी खुपसू नका. गाठ मोठी असेल तर बोटांनी उभी दुभंगून तिचे दोन भाग करा, मग चार. प्रत्येक तुकडा खालून वर सोडवत या. निघालेले सुटे केस वेगळे काढत राहा, ते तिथेच राहिले तर पुन्हा वेढे घालतात. तास-दोन तास लागतील, मध्ये थांबा, पण एका बैठकीत घाईने ओढू नका. टाळू लाल झाली असेल, दुखत असेल किंवा पाणी येत असेल तर मात्र सोडवत बसू नका. तेवढा भाग कापून टाळूवर उपचार घ्या.

आमच्याकडे म्हणतात की जट ही देवीची असते, कापली तर कोप होतो. खरं काय?

आपल्या भागात हे अजूनही ऐकू येतं आणि त्यापायी कितीतरी बायकांनी वर्षानुवर्षं डोक्यावर वजन वागवलं आहे. काही मुलींचं तर जट आली म्हणून देवीला सोडून आयुष्य बदललं गेलं. म्हणून याचं उत्तर मी मोकळेपणाने देते. जट ही वर सांगितलेल्याच गोष्टींनी होते. सुटे केस, तेल, घाम, धूळ आणि न विंचरणं. आठवडाभर फणी लागली नाही की गुठळी, महिनोन्‌महिने लागली नाही की जट. तिच्यात केसांशिवाय काही नसतं, आणि ती कापल्यावर नवीन केस नेहमीसारखेच येतात.

साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली. तिचे कार्यकर्ते घरच्यांशी बोलून, बाईची भीती घालवून, तिच्या संमतीने जट काढून देतात. तुमच्या घरात किंवा शेजारी कोणाला जट असेल आणि ती कापायला घाबरत असेल तर त्यांच्याशी संपर्क साधा. काढल्यावर मान हलकी वाटते, पण जटेखालची टाळू बराच काळ झाकलेली असल्यामुळे तिथे जखम, खाज किंवा उवा असू शकतात. पहिले आठ दिवस सौम्य शाम्पू, हलक्या हाताने बोटं, आणि जखम दिसली तर डॉक्टर. वेणी केस हातभर वाढल्यावरच घाला.